फॅमिली डॉक्टरांना आभाराची भेट: काय द्यावे, केव्हा आणि कशी?

निशिगंध

नमस्कार. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे आम्ही गेली ११ वर्षे जात आहोत. मागच्या वर्षी माझे यजमान रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी त्यांच्याकडे गेले होते आणि मी सोबत होते. दंडावरचा पट्टा सोडता सोडता डॉक्टरांनी सहज विचारावे तसे विचारले, “तुमचा आवाज केव्हापासून असा बसला आहे?” सर्दी झाली होती, त्याला पाचेक आठवडे झाले असतील, असे यजमानांनी सांगितले. सर्दी केव्हा बरी झाली, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. ती तर पहिल्याच आठवड्यात बरी झाली होती. त्यावर त्यांनी पट्टा बाजूला ठेवला, मान चाचपून पाहिली आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांना स्वतः फोन करून लवकरची वेळ मिळवून दिली. तपासणीत स्वरयंत्राच्या एका पट्टीवर अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला कर्करोग निघाला. सुमारे ६ आठवडे किरणोपचार झाले. आज यजमानांचा आवाज जवळजवळ पूर्ववत आहे, तपासण्या ठरल्याप्रमाणे सुरू आहेत आणि आतापर्यंत सगळे ठीक आहे.

त्या दिवशी आम्ही त्या आवाजासाठी गेलोच नव्हतो, ही गोष्ट मनातून जात नाही. यजमानांना डॉक्टरांसाठी एक चांगले, महागडे घड्याळ घ्यायचे आहे आणि त्यामागे त्यांचे नाव कोरून द्यायचे आहे. मला मात्र वाटते की, असे काही हातात दिले तर डॉक्टर अवघडतील. त्यांना ओशाळवाणे वाटू नये, नियमात बसावे आणि तरीही आमची भावना खरोखर पोहोचावी, असे काय देता येईल? ज्यांनी असे काही दिले आहे किंवा स्वीकारले आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

जुना_वाचक

यजमानांची प्रकृती सुधारल्याचे वाचून बरे वाटले. आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र सरळ आहे. डॉक्टरांना कोणाकडूनही भेटवस्तू घेण्यास कायद्याने मनाई आहे आणि तक्रार झाली तर त्यांची नोंदणी रद्द होऊ शकते. त्यामुळे घड्याळच काय, साधी वहीसुद्धा देऊ नये. दवाखान्याची पायरी उतरताना हात जोडून धन्यवाद म्हणावे, तेवढे पुरे आहे.

वैद्यकी_प्रवासी

मी गेली २६ वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जुना_वाचक यांनी सांगितलेली गोष्ट अर्धी बरोबर आहे. औषध कंपन्या आणि उपकरणे विकणाऱ्यांकडून डॉक्टरांनी भेटी घेण्यावर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत आणि ते असायलाच हवेत. रुग्णाने कृतज्ञतेपोटी दिलेली भेट ही त्याहून वेगळी बाब आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत रुग्णांच्या भेटींवर स्वतंत्र मार्गदर्शन आहे आणि त्यात सरसकट बंदी नाही. भेट आभाराची आहे की पुढे काही खास वागणूक मिळावी म्हणून आहे, आणि देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने ती फार मोठी तर नाही ना, हे डॉक्टरांनी पाहावे, असे त्यात सांगितले आहे. त्यातला एक मुद्दा मला नेहमी उपयोगी पडतो: ही भेट मी घेतली हे माझ्या सहकाऱ्यांना कळले तर मला अवघड वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती नम्रपणे नाकारावी. ब्रिटनमधील जनरल मेडिकल कौन्सिलचाही रोख असाच आहे. उपचारांवर परिणाम करू शकेल, किंवा तसा परिणाम झाला असे इतरांना वाटू शकेल, अशी भेट डॉक्टरांनी घेऊ नये आणि रुग्णांना भेटी देण्यास कधीही उत्तेजन देऊ नये.

आता घड्याळाबद्दल माझा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णाने मला अतिशय सुंदर शाईपेन दिले. मनापासूनच दिले होते, याबद्दल मला आजही शंका नाही. मी ते घेतले आणि खिशाला लावून वापरू लागलो. चार महिन्यांनी तेच गृहस्थ आले आणि मागच्या आठवड्याची तारीख घालून आजारपणाचा दाखला द्याल का, असे त्यांनी विचारले. एरवी अशा वेळी मी दहा सेकंदांत ‘नाही’ म्हणतो. त्या दिवशी मला ते पेन हातात धरून बोलावे लागले आणि माझे वाक्य लांबत गेले. मी दाखला दिला नाही, पण त्यांना ज्या स्पष्टपणे सांगायला हवे होते तसे सांगू शकलो नाही. त्याच भेटीत त्यांच्या दारूबद्दल बोलायचे मी मनाशी ठरवले होते, तेही राहून गेले. नुकसान झाले ते त्यांचेच झाले. तेव्हापासून मी असे ठरवले आहे की, ज्या वस्तूमुळे मला रुग्णाला अप्रिय गोष्ट सांगणे जड जाईल, ती वस्तू घ्यायची नाही.

निशिगंध ताई, नाव कोरलेले घड्याळ तर परतही करता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला देताही येत नाही. आपल्या यजमानांची तपासणी अजून चालू राहणार आहे. आपल्या डॉक्टरांना पुढची अनेक वर्षे त्यांच्याशी मोकळेपणाने, कधी कडकपणेही बोलता आले पाहिजे.

मृद्गंध

हे सगळे वाचून मला माझी जुनी गोष्ट आठवली आणि खरे सांगायचे तर थोडा रागही आला. माझ्या बाळंतपणानंतर मी फार खचले होते आणि आमच्या डॉक्टरांनी मला त्यातून बाहेर काढले. दर आठवड्याला त्या मला शेवटच्या वेळेला बोलावत, म्हणजे घाई होऊ नये. सावरल्यावर मी त्यांच्यासाठी अत्तराची एक छान बाटली नेली. त्यांनी ती माझ्यासमोर परत माझ्या पिशवीत ठेवली आणि “हे मला घेता येत नाही” एवढेच म्हणाल्या. मी दोन महिने दवाखान्यात गेले नाही. तब्येतीची तक्रार होती, तरी गेले नाही. भेट नाकारणे नैतिक असेल, पण समोरच्या माणसाला काय वाटते, याचा विचार कोणी करायचा?

वैद्यकी_प्रवासी

मृद्गंध, आपले दुखावणे मला पूर्ण समजते आणि आपण दोन महिने जाणे टाळले, हा त्या नकाराचा सर्वांत वाईट परिणाम आहे. भेट नाकारताना कारण सांगणे आणि त्यामागची भावना स्वीकारणे हे डॉक्टरांचे काम असते. ते त्या दिवशी नीट झाले नाही. कदाचित त्या पगारी नोकरीत असतील. मोठ्या दवाखान्यांचे किंवा संस्थांचे स्वतःचे नियम असतात. कुठे प्रत्येक भेटीची नोंद करावी लागते, तर कुठे काहीच घेता येत नाही. शिवाय अत्तर, कपडे, दागिने अशा अंगावर वापरण्याच्या वस्तूंत एक खासगीपणा असतो, त्यामुळे डॉक्टर बहुतेक वेळा त्या घेत नाहीत. मानसिक त्रासातून नुकत्याच बाहेर पडलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर त्या अधिकच सावध असणार.

या अनुभवातून इतरांनी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. काही नेण्यापूर्वी स्वागतकक्षात एकट्याने विचारावे की, इथे डॉक्टरांना छोटी भेट चालते का. उत्तर नकारार्थी आले, तर तो नकार नियमाचा असतो आणि तो डॉक्टरांच्या तोंडून ऐकावा लागत नाही.

मृद्गंध

हे कोणी तेव्हा सांगितले असते तर बरे झाले असते. त्या अजूनही माझ्या डॉक्टर आहेत. हा विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही.

खिडकीपलीकडून

मी एका दवाखान्याच्या स्वागतकक्षात १४ वर्षे काम करते. भेटवस्तूंचे पुढे काय होते ते मी रोज पाहते, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट वेळेची. बाहेर वीस माणसे बसलेली असताना कोणी सजवलेली पिशवी घेऊन आत जाते, तेव्हा त्या वीसही जणांच्या नजरा त्या पिशवीकडे जातात. ज्यांच्याकडे पिशवी नसते, त्यांना वाटते की आपणही काही आणायला हवे होते की काय. एक आजोबा तर मला खरोखरच हळू आवाजात विचारत होते की, काही न आणल्याने त्यांचा नंबर मागे गेला का. म्हणून भेट द्यायचीच असेल, तर दवाखाना बंद होण्याच्या वेळी यावे किंवा खिडकीत ठेवून जावे आणि त्यासाठी तपासणीची वेळ घेऊ नये. डॉक्टरांकडे एका रुग्णासाठी जी थोडी मिनिटे असतात, ती आभारात गेली तर बाहेरच्या कोणाची तरी कमी होतात.

दुसरी गोष्ट फुलांची. लोक फार प्रेमाने फुले आणतात, पण आमच्याकडे बाहेर दम्याचे आणि ॲलर्जीचे रुग्ण बसलेले असतात. त्यामुळे ती फुले मागच्या खोलीत जातात आणि दोन दिवसांनी कचऱ्यात. खाण्याचे काही आणले, तर ते आम्ही सगळे मिळून खातो. त्याचा आनंदही असतो, पण त्यातले डॉक्टरांच्या वाट्याला फारसे येत नाही.

तिसरी गोष्ट जरा जिव्हाळ्याची आहे. निशिगंध, त्या दिवशी डॉक्टरांनी तज्ज्ञांना फोन केला, पण त्यानंतर कागद तयार करणारे, तारखेची आठवण करणारे आणि अहवाल आला का म्हणून दोनदा विचारणारे कोणीतरी असेल. आपल्या भेटीत त्या माणसाचे नाव असेल, तर तो माणूस ते आयुष्यभर विसरणार नाही. आमच्या मागच्या खोलीत कपाटाच्या दाराला आतून एक पत्र चिकटवलेले आहे. एका मुलीने तिच्या आईच्या निधनानंतर लिहिले होते. त्यात आमच्या तिघींची नावे आहेत आणि कोणी काय केले तेही लिहिले आहे. ते सहा वर्षांपूर्वीचे आहे. चिकटपट्टी दोनदा बदलली आहे.

पाऊलखुणा

चांगली चर्चा चालू आहे. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. पुढच्या महिन्यात माझ्या वडिलांची गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आधीच काही चांगली वस्तू दिली, तर ते जरा जास्त लक्ष देतील, असे घरातले म्हणत आहेत. अशा वेळी काय द्यावे?

वैद्यकी_प्रवासी

काहीही देऊ नका. शस्त्रक्रियेच्या आधी दिलेली वस्तू आभाराची असूच शकत नाही, कारण आभार मानण्यासारखे अजून काही झालेले नाही. चांगल्या शल्यविशारदाला त्याने अपमान वाटेल, आणि ज्याला त्याने फरक पडत असेल त्याच्याकडे वडिलांना नेऊ नये. त्याऐवजी वडील सध्या घेत असलेल्या सर्व औषधांची यादी मात्रेसह लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ती केव्हा बंद करायची हे विचारा. मधुमेह असेल, तर साखर किती असावी तेही विचारा. जास्त लक्ष वेधून घेण्याचा हाच खरा मार्ग आहे.

पाऊलखुणा

आभारी आहे. यादी करतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे मी आतापर्यंत सांगितलेच नव्हते.

अक्षरवेल

निशिगंध ताई, माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर एक हाताने लिहिलेले पत्र हे आहे. मी हे केवळ पत्रे आवडतात म्हणून म्हणत नाही. पण पत्र लिहिणे वाटते तितके सोपे नसते. बहुतेक आभारपत्रे कोणालाही पाठवता येतील अशी असतात आणि म्हणून ती कोणालाच पोहोचत नाहीत. आपण एक कच्चा मसुदा इथे टाकाल का? नावे अर्थातच वगळावीत.

निशिगंध

काल रात्री बसून लिहिले. असे झाले आहे:

“आदरणीय डॉक्टर, आपण आमच्यासाठी जे केले त्याचे ऋण आम्ही कधीही फेडू शकणार नाही. आपण खऱ्या अर्थाने देवमाणूस आहात. आपले हसतमुख वागणे, आपुलकी आणि आपले ज्ञान यांमुळे आज आमचे कुटुंब सुखात आहे. आपल्यासारखे डॉक्टर आजच्या काळात दुर्मिळ आहेत. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, हीच प्रार्थना. आणि आमच्यावर असाच लोभ असावा.”

वाचल्यावर मलाच वाटले की यात काहीतरी कमी आहे, पण काय ते सांगता येत नाही.

अक्षरवेल

यात आवाज बसल्याची गोष्ट नाही. धाग्याच्या सुरुवातीला आपण जे लिहिले त्यात दंडावरचा पट्टा होता, सर्दी केव्हा बरी झाली हा प्रश्न होता, फोन होता. ते वाचताना मी ती खोली डोळ्यांसमोर पाहिली. पत्रात मात्र ते सगळे गेले आणि हसतमुख वागणे आले. जे इथे आम्हाला सांगितले, तेच डॉक्टरांना सांगा.

दुसरे, “असाच लोभ असावा” हे वाक्य आपण रीत म्हणून लिहिले असणार, पण आभाराच्या पत्रात पुढची मागणी नसावी. हे वाक्य काढले तर पत्र अधिक मोकळे होईल.

वैद्यकी_प्रवासी

अक्षरवेल यांच्याशी सहमत आहे आणि डॉक्टरांच्या बाजूने दोन गोष्टी जोडतो.

‘देवमाणूस’ हा शब्द आपण प्रेमाने लिहिता, हे मला माहीत आहे. पण तो वाचताना मला नेहमी ते रुग्ण आठवतात, ज्यांच्या बाबतीत माझ्या लक्षात यायला उशीर झाला. देवाला उशीर होत नाही. मला होतो. तो शब्द जितका मोठा, तितके ते पत्र मला परक्याचे वाटू लागते. “आपण तो प्रश्न विचारलात” हे वाक्य मात्र मी पूर्णपणे माझे म्हणून घेऊ शकतो, कारण तो प्रश्न मी खरोखर विचारलेला असतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्या लोकांना बहुधा माहीत नसते. फॅमिली डॉक्टरांना आपल्या निर्णयाचे पुढे काय झाले, हे पुष्कळदा कळतच नाही. आम्ही रुग्णाला तज्ज्ञांकडे पाठवतो, तिथून कधी एक पानाचा अहवाल येतो, कधी तोही येत नाही. रुग्ण बरा झाला की तो आमच्याकडे यायचे कारण उरत नाही. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल आणि त्याचे उघड कारण नसेल, तर घशाची आतून तपासणी करून घ्यावी, हे आम्ही सगळे शिकलेलो असतो. पण असे दहा रुग्ण पाठवले तर बहुतेकांत काहीच गंभीर निघत नाही आणि मग अकराव्या वेळी हात थोडा आखडतो. आपल्या पत्राने त्या डॉक्टरांना हे कळेल की त्यांची शंका खरी ठरली, कोणत्या अवस्थेत सापडले, कोणता उपचार झाला आणि आज आवाज कसा आहे. ही माहिती त्यांच्या पुढच्या रुग्णाच्या कामी येते. मला मिळालेल्या वस्तूंपैकी बहुतेक आज कुठे आहेत ते मी सांगू शकणार नाही, पण ज्या चार-पाच पत्रांतून मला रुग्णाचे पुढे काय झाले ते कळले, ती माझ्या टेबलाच्या खणात आहेत.

आणखी एक. ब्रिटनमध्ये २०१२पासून डॉक्टरांना परवाना टिकवण्यासाठी साधारणतः दर ५ वर्षांनी आपल्या कामाचा आढावा सादर करावा लागतो आणि त्यात रुग्णांच्या तक्रारींबरोबर कौतुकाच्या नोंदीही मांडता येतात. अशी व्यवस्था जिथे असेल, तिथे तारीख आणि नेमका प्रसंग लिहिलेले पत्र डॉक्टरांच्या प्रत्यक्ष उपयोगाचेही असते.

जुना_वाचक

वैद्यकी_प्रवासी यांनी कायद्याबद्दल केलेली दुरुस्ती मान्य आहे. मी दोन गोष्टी एकत्र केल्या होत्या. तरीही केवळ कागद हातात देणे मला कोरडे वाटते. माझ्या आईला लिहिता येत नव्हते. आमच्या जुन्या डॉक्टरांना तिने स्वतः विणलेले एक छोटे टेबलावरचे आच्छादन दिले होते. त्यांनी ते शेवटपर्यंत वापरले, कडा उसवल्या तरी. ती वस्तू विकत घ्यायला गेलो असतो तर तिची किंमत फारशी नसती, पण त्यात तिचे पाच आठवडे होते. पत्राचा आग्रह धरताना अशा माणसांचा विचार व्हावा.

अक्षरवेल

तुमचे म्हणणे मला मनापासून पटते. स्वतःच्या हाताने केलेली छोटी वस्तू पत्राच्या बरोबरीची आहे. डॉक्टरांना ती अवघड वाटत नाही, कारण तिला बाजारभाव नसतो. फक्त तिच्याबरोबर दोन ओळी असाव्यात आणि ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्या ओळी घरातल्या कोणी त्यांच्याच शब्दांत उतरवाव्यात, सुधारून लिहू नये. लहान मुलाने काढलेले चित्रही चालते.

किनाऱ्यावरून

एक सुचवतो. डॉक्टरांच्या नावाने एखाद्या रुग्णसेवी संस्थेला देणगी द्यावी आणि पावती त्यांना पाठवावी. शिवाय दवाखान्याच्या पानावर सगळी हकीकत नावासह लिहावी. त्याने डॉक्टरांचे नाव होईल आणि इतरांनाही कळेल.

वैद्यकी_प्रवासी

देणगीची कल्पना चांगली आहे. रक्कम मोठी असेल आणि ती द्यायचीच असेल, तर डॉक्टरांच्या खिशापेक्षा संस्थेकडे वळवणे केव्हाही उचित. मात्र पावतीवरचा आकडा डॉक्टरांना दाखवू नये. आकडा दिसला की ती पुन्हा डॉक्टरांना दिलेली रक्कम होते.

जाहीर लिहिण्याबद्दल मात्र मी सावध राहण्यास सांगेन. आजार यजमानांचा आहे, त्यामुळे काय उघड करायचे हे त्यांनी ठरवावे. आपण लिहिले, तरी डॉक्टर तिथे उत्तर देऊ शकत नाहीत. “होय, हे माझे रुग्ण आहेत” एवढे म्हणणेसुद्धा गोपनीयतेचा भंग ठरू शकते. तेव्हा जाहीर लिहायचेच असेल, तर आजाराचा तपशील न देता दोन वाक्ये लिहावीत आणि खरे पत्र वेगळे द्यावे.

किनाऱ्यावरून

आकडा न दाखवण्याचा मुद्दा पटला. जाहीर लिहिण्याबाबत माझे मत थोडे वेगळेच राहील. मी माझी डॉक्टर अशाच एका अनोळखी माणसाच्या सविस्तर हकिकतीमुळे शोधली होती.

निशिगंध

सर्वांची मनापासून आभारी आहे. पत्र नव्याने लिहिले, यजमानांना वाचून दाखवले, त्यांच्या परवानगीने इथे टाकत आहे. एक वाक्य त्यांनीच घातले आहे.

“आदरणीय डॉक्टर, गेल्या वर्षी १२ फेब्रुवारीला आम्ही रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आलो होतो. पट्टा सोडताना आपण यांच्या आवाजाबद्दल विचारले आणि मग सर्दी केव्हा बरी झाली ते विचारले. आम्ही दोघांनीही त्या आवाजाकडे लक्ष दिले नव्हते. आपण त्याच दिवशी तज्ज्ञांना फोन केला. उजव्या स्वरपट्टीवर सुरुवातीच्या अवस्थेतला कर्करोग सापडला, तो तेवढ्याच जागी होता. सुमारे ६ आठवडे किरणोपचार झाले. गिळताना काही दिवस फार त्रास झाला, तो आता नाही. आज हे पुन्हा सकाळी मोठ्याने वर्तमानपत्र वाचतात. अहवाल आला त्या संध्याकाळी आपण घरी फोन करून पुढचा रस्ता समजावून सांगितला आणि स्वागतकक्षातील ताईंनी आमच्या तारखा दोनदा जुळवून दिल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. आम्हाला फक्त हे आपल्याला कळवायचे होते. उत्तराची अपेक्षा नाही.”

मोठ्याने वर्तमानपत्र वाचण्याचे वाक्य त्यांचे.

खिडकीपलीकडून

हे वाचून डोळे भरून आले. पत्रात त्या ताईंचे नाव मात्र अवश्य घाला, नुसते ‘ताई’ नको.

निशिगंध

नाव घातले. काल दवाखाना बंद होताना जाऊन आलो. आधी फोन करून विचारले होते. पत्र चालेल आणि सर्वांसाठी काही छोटे खाण्याचे आणले तरी चालेल, असे सांगण्यात आले. लिफाफा ताईंच्या हाती देऊन आम्ही निघालो होतो, एवढ्यात डॉक्टर स्वतः बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच पत्र वाचू लागल्या. मध्येच थांबून त्यांनी यजमानांना विचारले, “उजवी पट्टी? मला अहवालात डावी वाटली होती.” मग आत जाऊन त्यांनी कागद काढून पाहिला. उजवीच होती. वहीत त्यांनी काहीतरी नोंदवले. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना हे पत्र नाव झाकून वाचायला देऊ का, असे त्यांनी विचारले. यजमान हो म्हणाले. घड्याळाचा विषय त्यांनी काढला नाही, पण घरी येताना म्हणाले की, एवढ्याने माझे मन भरले नाही. त्यावर मला काय म्हणावे ते सुचले नाही.

मृद्गंध

मीही लिहायला बसले आहे. सात वर्षांनी. पहिल्या ओळीत अत्तराच्या बाटलीबद्दल लिहावे की नाही, हे ठरत नाही.

अक्षरवेल

शेवटच्या वेळेला बोलावत असत, तिथून सुरू करा. बाटलीचे नंतर पाहता येईल.

पाऊलखुणा

एक राहून गेलेला प्रश्न. आमचे फॅमिली डॉक्टर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. त्यानंतर ते आम्हाला तपासणार नाहीत. मग तेव्हा तरी मोठी भेट द्यायला हरकत नसावी ना? सगळे रुग्ण मिळून काही देण्याचा विचार चालला आहे.

वैद्यकी_प्रवासी

यावर माझेच मत पक्के नाही. पुढच्या उपचारांवर परिणाम होण्याची भीती निवृत्तीनंतर कमी होते, हे खरे. पण वर्गणी काढली की ज्याची ऐपत नाही, त्यालाही द्यावीच लागते आणि कोणी किती दिले याची यादी कुठेतरी राहते. आकडा न सांगता, यादी न करता काही जमत असेल, तर पाहा. तुमच्या वडिलांच्या गोळीबद्दल शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांशी बोलणे झाले का?

पाऊलखुणा

झाले. ती आधी किती दिवस बंद ठेवायची, ते त्यांनी लिहून दिले आहे.